वाय-फाय ७ घ्यायचं का? आधी मागच्या खोलीत जाऊन बघा



केजला किंवा बीडला राउटर घ्यायला गेलात की आजकाल दुकानदार एक खोकं हमखास पुढे सरकवतो. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं वाय-फाय ७, खाली हजारांतला एक आकडा, आणि बाजूला एक नवीन शब्द: मल्टी-लिंक ऑपरेशन, म्हणजेच एमएलओ. "हे घ्या, नेट पळेल," असं सांगितलं जातं. आपल्या नांदूरघाटसारख्या गावात पुढे दुकान आणि मागे घर असणारा माणूस साहजिकच विचारात पडतो. नेट तर अडकतंच आहे. मग सात-आठ हजार घालून एकदाच मोकळं व्हावं का?

या लेखात एमएलओ म्हणजे नेमकं काय, हे सोप्या भाषेत समजून घेऊ. मग एका घराचा पूर्ण हिशेब मांडू आणि शेवटी घ्यायचं की थांबायचं ते ठरवू. माझ्या मताची वाट बघू नका, तुमच्या घराची चाचणी तुम्हीच करायची आहे. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

दोन दारांचं घर

आपल्या राउटरमधून साधारण दोन प्रकारच्या लहरी निघतात. एक २.४ गीगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गीगाहर्ट्झची. २.४ ची लहर हळू चालते, पण भिंतीतून बऱ्यापैकी पार जाते. ५ ची लहर वेगवान असते, पण भिंत आली की तिचा दम लवकर संपतो. या दोन लहरी म्हणजे घराची दोन दारं समजा. मोबाईलकडे येणारा माल, म्हणजे व्हिडिओ, फोटो, बिल, जे काही असेल ते, या दारांतून पोत्यांसारखं आत येतं.

आतापर्यंतच्या वाय-फायमध्ये, म्हणजे वाय-फाय ५ असो की वाय-फाय ६, मोबाईल एका वेळी एकच दार धरतो. ५ चं दार धरलं तर सगळी पोती तिथूनच येणार. त्या दारात गर्दी झाली किंवा तुम्ही लांब गेलात की मोबाईलला ते दार सोडून दुसऱ्या दारावर जाऊन पुन्हा नाव नोंदवावं लागतं. व्हिडिओ कॉलवर बोलत घरात फिरताना आवाज मध्येच तुटतो, त्याचं एक कारण हेच. शिवाय कित्येक मोबाईल जुनं दार सोडायलाच तयार नसतात. सिग्नलची एकच काडी उरली तरी चिकटून बसतात.

एमएलओमध्ये मोबाईल दोन्ही दारांवर एकदाच नाव नोंदवतो. राउटरच्या वहीत त्याचा मुख्य पत्ता एकच असतो, दारं मात्र दोन. प्रत्येक पोत्यावर अनुक्रमांक टाकलेला असतो. जे दार मोकळं असेल तिथून पोतं येतं आणि आत आल्यावर क्रमांकाप्रमाणे लावून घेतलं जातं. पहिलं दार अडलं तर दुसऱ्यातून काम चालू राहतं, नाव पुन्हा नोंदवायची भानगड नाही.

यात दोन प्रकार आहेत, आणि खोक्यावर ते सहसा लिहिलेले नसतात. पहिल्या प्रकारात दोन हमाल असतात. दोन्ही दारांतून एकाच वेळी पोती येतात, त्यामुळे वेग खरंच वाढतो. दुसऱ्या प्रकारात हमाल एकच असतो, पण त्याचं लक्ष दोन्ही दारांवर असतं. जे मोकळं दिसेल तिथून तो पोतं उचलतो. यात वेगाची बेरीज होत नाही, पण ताटकळणं कमी होतं. मोबाईलमध्ये जागा आणि बॅटरी दोन्ही मोजकी, म्हणून तिथे बऱ्याचदा हा दुसरा प्रकार सापडतो. "दोन्ही लहरींचा वेग जोडला जातो" असं कुणी सांगितलं तर लगेच विचारा: राउटरमध्ये जोडला जातो हे ठीक, पण माझ्या मोबाईलमध्ये जोडला जातो का?

खोक्यावरचा आकडा कुठून येतो

हा आकडा समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण भाव त्याच्यावर ठरतो.

समजा खोक्यावर बीई ३६०० लिहिलंय. बीई म्हणजे वाय-फाय ७. हे नाव या तंत्राच्या ८०२.११बीई या मानकावरून आलंय. या राउटरमध्ये २.४ ची लहर जास्तीत जास्त ६८८ एमबीपीएस देते आणि ५ ची लहर २८८२. बेरीज झाली ३५७०, ती गोल करून ३६०० छापतात. तसंच एएक्स ३००० म्हणजे वाय-फाय ६, बेरीज ५७४ अधिक २४०२. आणि एसी १२०० म्हणजे वाय-फाय ५, बेरीज ३०० अधिक ८६७.

आता नीट बघा. ही दोन दारांच्या रुंदीची बेरीज आहे, तीही कागदावरची. राउटरच्या शेजारी बसलात, समोरचा मोबाईलही तितक्याच ताकदीचा असला, तरी प्रत्यक्ष हातात त्याच्या साधारण निम्मं ते दोन-तृतीयांश पडतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही दोन्ही दारं एकाच गल्लीत उघडतात. ती गल्ली म्हणजे तुमच्या घरात आलेली फायबरची लाईन.

गावात बहुतेकांचा प्लॅन ३०, ५० किंवा फार तर १०० एमबीपीएसचा असतो. गल्ली १०० ची आणि दार २८८२ चं! वाय-फाय ५ चं ८६७ चं जुनं दारसुद्धा या गल्लीपेक्षा कितीतरी रुंद आहे. गल्ली तीच राहिली तर दार आणखी रुंद करून एक पोतंही जास्त येणार नाही. म्हणून राउटरच्या शेजारी बसून स्पीड टेस्ट केली तर पाच वर्षांपूर्वीचा चांगला राउटर आणि आजचा वाय-फाय ७ दोन्ही सारखाच आकडा दाखवतील.

तिसऱ्या दाराचं काय?

वाय-फाय ७ च्या जाहिरातीत ६ गीगाहर्ट्झचं तिसरं दार असतं, आणि त्यात ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा. वेगाचे डोळे दिपवणारे आकडे या दारामुळे येतात. अमेरिकेने २०२० मध्येच ६ गीगाहर्ट्झचा १२०० मेगाहर्ट्झ इतका मोठा भाग वाय-फायसाठी खुला केला. आपल्याकडे दूरसंचार विभागाचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. तोही खालच्या ५०० मेगाहर्ट्झपुरता, आणि कमी शक्तीच्या वापरासाठी. ५०० मध्ये ३२० चा पट्टा एकच बसतो. शेजाऱ्यानेही तोच घेतला तर वाटून घ्यावा लागतो.

वाय-फाय अलायन्स या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये वाय-फाय ७ चं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. हे प्रमाणपत्र मिळायला राउटरमध्ये ६ गीगाहर्ट्झ असलाच पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे बाजारात स्वस्तातले वाय-फाय ७ राउटर दिसतात ते बहुतेक दोनच दारांचे असतात. खोक्यावर "ड्युअल बँड" लिहिलं असेल तर तिसरं दार नाही, एवढं पक्कं समजा. असा राउटर वाईट नसतो, पण जाहिरातीतला वेग त्याच्याकडून मागू नका. आणि ६ ची लहर भिंतीपुढे ५ पेक्षाही लवकर हार मानते, हेही ध्यानात ठेवा.

आता मागच्या खोलीत चला

एक घर डोळ्यांपुढे आणू. नांदूरघाटात रस्त्याला लागून पुढे किराणा-स्टेशनरीचं दुकान आहे. त्याच्या मागे बैठक, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी मागची खोली. पुढचं बांधकाम विटांचं आहे. मागची खोली आजोबांच्या काळातली, तिची भिंत दगडाची, दीड-दोन फूट जाड. दुकानापासून मागच्या खोलीपर्यंत अंतर ४५ फूट. फायबर दुकानात येते, म्हणून फायबरवाल्याने दिलेला डबाही दुकानातच आहे. प्लॅन १०० एमबीपीएस. दुकानात बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि दोन कॅमेरे. मागच्या खोलीत मुलगी ऑनलाईन क्लास करते, आणि तक्रार तिचीच आहे: सर दिसतात, पण आवाज तुटतो.

हे घर मी उदाहरणासाठी घेतलंय, आकडेही उदाहरणाचेच. चाचणी मात्र खरी आहे, ती तुमच्या घरात जशीच्या तशी करा. विंडोजचा लॅपटॉप घ्या. आधी राउटरचा पत्ता शोधा. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून हे टाइप करा:

```
ipconfig
```

यात `Default Gateway` समोर जो पत्ता दिसेल तो राउटरचा. बऱ्याच ठिकाणी तो `192.168.1.1` असतो, तुमच्याकडे वेगळा असेल तर तो वापरा. मग दोन हाका मारा. एक राउटरला, एक बाहेरच्या जगाला:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली हाक फक्त घरातल्या घरात जाते, म्हणजे ती वाय-फायची परीक्षा. दुसरी हाक लाईनवरून बाहेर जाऊन परत येते, म्हणजे ती वाय-फाय आणि लाईन दोन्हींची परीक्षा. प्रत्येकीच्या शेवटी `Lost` म्हणजे किती हाका हरवल्या आणि `Average` म्हणजे उत्तर यायला सरासरी किती वेळ लागला ते दिसतं. आधी दुकानात राउटरजवळ बसून दोन्ही हाका मारा, मग मागच्या खोलीत जाऊन. नेट नेमकं ज्या वेळेला अडकतं त्याच वेळेला मारा. संध्याकाळी त्रास असेल तर सकाळची चाचणी कामाची नाही.

उत्तरं तीन प्रकारची येतील.

पहिला प्रकार: राउटरची हाक दोन्ही ठिकाणी झटपट परत येते, पण बाहेरची हाक अडखळते. म्हणजे वाय-फाय ठीक आहे, दुखणं लाईनचं आहे. किंवा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि मोबाईलचे फोटो एकाच वेळी वर चढत असतील आणि लाईनचा वर जाणारा रस्ता तुंबला असेल. यावर वाय-फाय ७ चा काडीचा उपयोग नाही. फायबरवाल्याला फोन करा, आणि फोटोंचा बॅकअप रात्री लावा.

दुसरा प्रकार: राउटरची हाक दुकानात ३-४ मिलीसेकंदात येते, पण मागच्या खोलीत ५० पैकी ६ हाका हरवतात आणि बाकीच्या कधी २० तर कधी ३०० मिलीसेकंद घेतात. म्हणजे दुखणं भिंतीचं आहे. आपल्या उदाहरणातल्या घरात हेच निघालं.

तिसरा प्रकार: राउटरच्या शेजारी बसूनही राउटरचीच हाक अडखळते. म्हणजे एकतर राउटर थकलाय, नाहीतर हवेत गर्दी आहे, आजूबाजूचे दहा-वीस राउटर एकाच दारात घुसतायत. एमएलओचा खरा रुग्ण हा आहे.

एमएलओ इथे का हरतो

आता कळीचा मुद्दा. दुसऱ्या प्रकारच्या घरात वाय-फाय ७ आणून ठेवला तर काय होईल?

मुलीच्या लॅपटॉपलाही वाय-फाय ७ येतं असं धरून चालू. ती दुकानात बसली तर दोन्ही दारं उघडी, एमएलओ मस्त चालेल. पण दुकानात तर आधीही त्रास नव्हता. ती बैठकीत आली, ५ चं दार अर्धं लागलं. मागच्या खोलीत गेली, दगडी भिंत मध्ये आली आणि ५ चं दार जवळजवळ बंद झालं. उरलं एकटं २.४. एमएलओची सगळी करामत दोन दारांतून निवडण्यात आहे. निवडायला दुसरं दारच नसेल तर तो काय करणार? तिथे तो साध्या २.४ च्या वाय-फायसारखाच चालतो.

म्हणजे घरात जिथे दोन्ही लहरी दमदार पोचतात तिथे एमएलओ काम करतो, आणि आपल्याला त्रास होतो नेमका जिथे एक लहर पोचत नाही तिथे. एवढं वाक्य या लेखातून घेऊन गेलात तरी दुकानात उभं राहून निर्णय करता येईल.

"पण नवीन राउटरची रेंज जास्त असते ना?" हा पुढचा प्रश्न. राउटरने किती शक्तीने लहर सोडायची याला सरकारी मर्यादा आहे. नाव ६ चं ७ झालं म्हणून ती वाढत नाही. चांगल्या अँटेनाने थोडा फरक पडतो. पण समजा राउटरचा आवाज मोठा केलाही, मोबाईलचा आवाज तेवढाच लहान राहतो. राउटरचं मोबाईलला ऐकू येतं, मोबाईलचं राउटरला ऐकू येत नाही. सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरी पान उघडत नाही, हा अनुभव त्यातलाच.

मग या घराने काय करायचं

दार पोचत नाही, तर दारच मागे न्यायचं. लॅन केबलने.

दुकानातल्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ ची तांब्याची केबल टाकायची. अंतर ४५ फूट असलं तरी वळणं, चढ-उतार धरून २० ते २५ मीटर लागते. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे लांबीची चिंता नाही. मागच्या खोलीत दगडी भिंतीच्या आतल्या बाजूला एक साधा वाय-फाय ६ चा राउटर बसवायचा. त्याच्या सेटिंगमध्ये `Access Point` हा पर्याय निवडायचा, म्हणजे तो स्वतंत्र राउटर म्हणून न वागता मुख्य डब्याचा फक्त लांब केलेला हात बनतो. हे केलं नाही तर घरात दोन कारभारी होतात. मागच्या खोलीतल्या मोबाईलला दुकानातला प्रिंटर दिसेनासा होतो, आणि कुणाला कळत नाही का.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखाच ठेवा. चॅनल मात्र वेगळे करा: पुढे २.४ साठी १, मागे ६ किंवा ११, आणि ५ साठी पुढे ३६, मागे १४९. दोन्ही एकाच चॅनलवर ठेवले तर ते एकमेकांच्या बोलण्यात बोलतात.

दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली म्हणजे केबल जोडल्यावर मागच्या खोलीतला वेग ९४-९५ वर अडकतो का. प्लॅन १०० चा असेल तर हे चालेल. पण प्लॅन २०० चा असून ९४ च येत असेल तर कुठेतरी १०० चं जुनं पोर्ट आहे, नाहीतर केबलच्या आठ तारांपैकी एखादी टोकाला नीट बसलेली नाही. दुसरी गोष्ट विजेची. केबल गच्चीवरून किंवा उघड्या पत्र्यावरून नेऊ नका. मे-जूनचे वळवाचे पाऊस आणि कडाडणाऱ्या विजा आपल्याला ठाऊक आहेत. जवळपास वीज पडली तरी लांब तांब्याच्या तारेतून झटका आत येतो आणि दोन्हीकडचे डबे जातात. केबल घरातूनच, भिंतीच्या कडेने न्या. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांब्याऐवजी फायबर टाकून घ्या.

आता पैसे. भाव तुमच्या दुकानदाराचे लावा, मी ढोबळ धरतो. केबल आणि तिची टोकं ८०० रुपये. साधा वाय-फाय ६ चा राउटर २,२०० रुपये. लाईट गेल्यावर डबा चालू ठेवणारे छोटे यूपीएस दोन, १,२०० प्रमाणे २,४०० रुपये. एकूण ५,४००. ड्युअल बँड वाय-फाय ७ चा राउटर समजा ८,००० ला पडला, तर २,६०० रुपये वाचले, मागच्या खोलीत पूर्ण वेग पोचला, आणि लाईट गेली तरी क्लास बंद पडला नाही. ८,००० च्या राउटरने यातलं एकही काम झालं नसतं. यूपीएस घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात.

केबल टाकायला जागाच नसेल तर दोन डबे बिनतारी जोडणारं मेश घेता येतं. पण मग दुसरा डबा भिंतीच्या अलीकडे, बैठकीत ठेवावा लागतो. पलीकडे ठेवला तर तोही बिचारा त्याच बंद दारापाशी उभा राहील.

वाय-फाय ७ कुणी घ्यावा

वाय-फाय ७ मध्ये खोट नाही, प्रश्न तो कुठल्या घरात बसतो एवढाच आहे. नांदूरघाटात तुमचा राउटर चालू करून शेजारची नावं मोजा, पाच-सहा दिसतील. तुमचा मुलगा पुण्यात फ्लॅटमध्ये राहत असेल तर त्याला तीच यादी उघडायला सांगा. वीस-पंचवीस नावं सहज निघतील, वर-खाली, डावी-उजवीकडे, सगळ्यांचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. फ्लॅटच्या खोल्या लहान, भिंती पातळ, म्हणजे दोन्ही दारं उघडी आणि दोन्हींत सतत गर्दी. तिथे एक दार तुंबलं की दुसऱ्यातून पोतं काढणारा एमएलओ खरोखर उपयोगी पडतो. त्याचा प्लॅनही ३०० किंवा ५०० चा असेल आणि लॅपटॉप नवा असेल, तर त्याने घ्यायला हरकत नाही.

मात्र दोन्ही बाजूंना वाय-फाय ७ लागतं, फक्त राउटरला असून भागत नाही. लॅपटॉपला आहे का ते असं बघा:

```
netsh wlan show drivers
```

`Radio types supported` या ओळीत `802.11be` दिसलं तर आहे. `802.11ax` वर यादी संपली तर तो वाय-फाय ६ चा, आणि `802.11ac` वर संपली तर वाय-फाय ५ चा. शिवाय विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते, त्याआधीच्या विंडोजमध्ये वाय-फाय ७ चालू होत नाही. मोबाईलमध्ये हे प्रामुख्याने महागड्या गटात येतं. आयफोनमध्ये १६ पासून आलंय, पण त्याच वर्गातल्या १६ई मध्ये नाही. पंधरा-वीस हजारांच्या मोबाईलकडून ही अपेक्षा ठेवू नका. घरात अशी किमान दोन-तीन उपकरणं नसतील तर एमएलओ नुसता खोक्यावर राहतो.

घेतलाच असेल तर ही एक अडचण माहीत असू द्या

ज्यांनी आधीच घेतलाय त्यांना एक अनुभव येतो. नवीन राउटर लावला, एमएलओ चालू केला, आणि प्रिंटर, कॅमेरा, जुना टीव्ही जोडलेच जाईनात. राउटर खराब निघाला म्हणून लोक परत द्यायला जातात.

कारण कुलपाचं आहे. एमएलओला `WPA3` नावाचं नवं कुलूप लागतं. जुन्या प्रिंटरकडे आणि कॅमेऱ्याकडे फक्त `WPA2` ची किल्ली असते. उपाय सोपा आहे: राउटरमध्ये दोन नावं तयार करा. एक नाव एमएलओचं, `WPA3` वालं, त्यावर नवे मोबाईल आणि लॅपटॉप. दुसरं नाव फक्त २.४ गीगाहर्ट्झचं, `WPA2` वालं, त्यावर प्रिंटर आणि कॅमेरे. दुकानात गिऱ्हाईकाला वाय-फाय देत असाल तर तिसरं, पाहुण्यांचं नाव वेगळं ठेवा, म्हणजे त्यांना तुमचा बिलिंगचा कॉम्प्युटर दिसणार नाही.

एमएलओ खरंच चालू आहे का, ते राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत कळतं. तुमच्या मोबाईलच्या नावासमोर दोन्ही लहरी एकदम दिसल्या किंवा एमएलओ असा शिक्का दिसला तर चालू आहे. फक्त ५ किंवा फक्त २.४ दिसत असेल तर एकतर मोबाईलला ते येत नाही, किंवा मोबाईल चुकून जुन्या नावावर जोडलाय, किंवा तुम्ही इतक्या लांब उभे आहात की एकच दार उरलंय.

थोडक्यात निर्णय

प्लॅन १०० पर्यंतचा असेल, घर दगड-विटांचं आणि लांबट असेल, मोबाईल मध्यम किमतीचे असतील, तर आत्ता वाय-फाय ७ घेऊ नका. आधी केबल, मग मागच्या खोलीतला दुसरा डबा, मग यूपीएस. जुना राउटर जळाला म्हणून नवीन घ्यायचाच असेल तर वाय-फाय ६ चा घ्या, फक्त त्याची सगळी पोर्टं गिगाबिट आहेत का ते बघून घ्या.

प्लॅन ३०० च्या वर असेल, हवेत गर्दी असेल आणि वाय-फाय ७ ची दोन-तीन उपकरणं हातात असतील, तर घ्या. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा फोटोग्राफर असाल आणि घरातल्या घरात दोन कॉम्प्युटरमध्ये मोठ्या फाईली फिरवत असाल, तर प्लॅन लहान असला तरी विचार करा, कारण तो माल बाहेरच्या गल्लीतून येतच नाही. पण हे दोन्ही कॉम्प्युटर टेबलावरच असतील तर त्यांनाही केबलच जोडा. पाच मीटरची केबल कुठल्याही वाय-फायपेक्षा भरवशाची.

काळी टाचदोरीसारखी केबल भिंतीवरून गेलेली दिसायला काही छान दिसत नाही, हे मान्य. पट्टी लावून झाकून टाका. आज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसा, दोन हाका मारा, आणि तीनपैकी कुठला प्रकार निघतो तो वहीत लिहून ठेवा. दुकानात जाताना ती वही सोबत न्या.